दोन ड्रायव्हर, एक गाडी: थांबे किती आणि वेळ किती?

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना टोमॅटोची गाडी नवीन नाही. नारायणगावच्या बाजारातून क्रेट भरून निघालेल्या ट्रकमध्ये लांबच्या फेरीला बऱ्याचदा दोन ड्रायव्हर असतात. मी वर्गात विचारलं, "एक ड्रायव्हर १५ तासांत अहमदाबादला पोचतो, तर दोघे किती तासांत?" निम्म्या वर्गाचं उत्तर आलं, साडेसात! काळ-काम-वेगाची सवय, दुसरं काय. पण विहीर दोघांनी मिळून खणता येते, स्टिअरिंग मात्र एका वेळी एकाच्याच हातात असतं. दुसरा ड्रायव्हर वेग वाढवत नाही, तो फक्त झोपेसाठीचा मुक्काम वाचवतो.

आता हिशेब करू. अंतर ६०० किमी धरा, भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किमी. म्हणजे चालवण्याचे तास १५. अदलाबदलीच्या थांब्याला १५ मिनिटं धरा; टायर पाहायचे, दोर-ताडपत्री तपासायची, तोंडावर पाणी मारायचं.

दर ३ तासांनी बदल केला तर टप्पे ५. मुलं लगेच थांबेही ५ म्हणतात. पण पाचवा टप्पा संपला की गाडी बाजारातच उभी असते, तिथं कोण बदलणार? थांबे ४, एकूण वेळ १६ तास. दर २ तासांनी बदलले तर भागाकार साडेसात येतो. अर्धा टप्पा हाही टप्पाच, म्हणून टप्पे ८, थांबे ७, वेळ पावणेसतरा तास. दर ५ तासांनी बदलले तर थांबे दोनच आणि वेळ साडेपंधरा तास.

मग ५ तासच बरे ना? इथं जरा थांबा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला साधारण ८ तासांचं काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. टप्पे तीन असले की पहिला आणि तिसरा एकाच्याच वाट्याला येतो. त्याचे तास होतात १०, दुसऱ्याचे ५. तीन तासांच्या वाटणीतही ९ आणि ६. टप्प्यांची संख्या विषम असली की निघणाऱ्यावर जादा भार पडतो, हे मुलांना वहीत मांडल्याशिवाय दिसत नाही.

४ तासांचं अंतर घेऊन पाहा: ४, ४, ४ आणि शेवटी ३. एकाचे ८, दुसऱ्याचे ७. थांबे ३, वेळ पावणेसोळा तास. गाडी दुपारी २ वाजता निघाली तर दुसरा थांबा रात्री सव्वादहाला येतो, म्हणजे जेवणाच्याच वेळी. जेवण तिथंच अर्ध्या तासात उरकलं तर त्या थांब्याचे १५ मिनिटंच वाढतात आणि गाडी सकाळी ६ ला पोचते. लिलाव साडेसहाला असेल तर माल उतरायला अर्धा तास हाताशी राहतो. दोन तासांच्या वाटणीत तेच जेवण धरून ७ वाजतात, आणि लिलाव चुकतो.

थांबा १५ ऐवजी २५ मिनिटांचा झाला तर ही ४ तासांची गाडी साडेसहाच्या आत पोचेल का, हे आता मुलांना सोडवू द्या. जेवणाचा थांबा किती मिनिटांचा धरायचा, यावर वर्गात भांडण होतंच.