छातीतील कळ : तीन अवस्था

घरातील कर्त्या माणसाच्या छातीत दुखू लागले की सारे घर हवालदिल होते. अशा वेळी आम्ही आधी एकच विचारतो : कळ केव्हा येते आणि केव्हा जाते?

समजा, दुसरा जिना चढताना छाती आवळते. बसून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की पाच मिनिटांत थांबते. महिनोन्‌महिने हेच चालते. हा स्थिर अंजायना. रक्तवाहिनी अरुंद झाल्याने श्रमात रक्त अपुरे पडते, पण स्नायू मरत नाही.

तीच कळ पहिल्याच पायऱ्यांवर किंवा झोपेत येऊ लागली, तर तो अस्थिर अंजायना. वाहिनीतील चरबीचा थर फाटून तेथे रक्ताची गुठळी धरू लागलेली असते. कळ थांबली तरी लगेच रुग्णालय गाठावे. गुठळीने रक्त अडून स्नायू मरू लागला, की तो हृदयविकाराचा झटका.

या शेवटच्या दोहोंतला फरक घरी कळत नाही. पहिला ईसीजीही कधी साफ येतो. म्हणून ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात. स्नायू मरत असेल तर ते वाढते. तोवर ‘ईसीजी चांगला आहे, घरी चला’ अशी घाई नातेवाइकांनी करू नये. (गॅस समजून सोडा पाजत बसणे तर आपल्याकडे सर्रास!) विश्रांती व गोळीनंतर पाच मिनिटांतही कळ न थांबल्यास १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.