वैद्यकीय प्रवेशाची शेवटची फेरी

नीट परीक्षेनंतर अखिल भारतीय कोट्यातील आणि अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसच्या जागा दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, भरते. तीन फेऱ्या झाल्यावर उरलेल्या जागांसाठी ‘स्ट्रे व्हेकन्सी राउंड’ होतो. बोलीभाषेत लोक त्याला स्पॉट राउंड म्हणतात. तो महाविद्यालयाच्या दारात होत नाही. याद्या आणि वाटप सगळे एमसीसीच्या संकेतस्थळावरच चालते. त्यामुळे ‘स्पॉटला जागा काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हातात देण्यासारखे काही नसते.

या फेरीत आधीच जागा धरून बसलेल्यांना भाग घेता येत नाही. राज्यांच्या प्रवेशयाद्याही एमसीसी तपासते. त्यामुळे राज्याच्या फेरीत प्रवेश घेऊन इथेही नशीब अजमावू असा विचार चालत नाही.

जुनी पसंतीयादी या फेरीला लागू होत नाही. रिक्त जागांचा तक्ता पाहून ती नव्याने भरावी लागते आणि मुदतीत लॉक करावी लागते. वाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होते. आपला क्रमांक आला की यादीत वरून खाली पाहत उपलब्ध असलेली पहिली जागा मिळते, म्हणून खरी पसंती निःशंकपणे वर लिहावी.

खरी जोखीम यादीच्या तळाशी असते. समजा, सरकारी जागेची आशा असलेल्या एका मुलीने ‘असू दे’ म्हणून शेवटी एक अभिमत महाविद्यालय लिहिले. वरच्या जागा तिच्या क्रमांकापर्यंत संपल्या आणि तेच मिळाले. वर्षाचे वीस-पंचवीस लाख घरच्यांच्या आवाक्यात नाहीत. पहिल्या फेरीत मिळालेली जागा दंडाशिवाय सोडता येते. इथे ती सवलत नाही. प्रवेश न घेतल्यास सुरक्षा ठेव जप्त होते. ती अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख, तर अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला दहा हजार रुपये असते. शिवाय पुढच्या नीटला बसण्यास मनाई होते. पुन्हा परीक्षा देऊ पाहणाऱ्यासाठी हा दुसरा फटका पैशांपेक्षा मोठा आहे. ज्या महाविद्यालयात खरोखर शिकायचे आणि ज्याचे शुल्क भरता येईल, तेवढीच नावे लिहावीत.

जागा मिळाल्यावर हजर होण्यास मोजकेच दिवस मिळतात. मूळ कागदपत्रे दुसऱ्या महाविद्यालयात अडकली असतील, तर गाडी चुकते. ओबीसी उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर दाखलाही केंद्राच्या नमुन्यातील लागतो. राज्याच्या फेरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही, आणि तहसील कार्यालयातून नवा काढण्यास वेळ जातो. तो आधीच काढून ठेवावा.

शुल्काची पावती म्हणजे प्रवेश नव्हे. महाविद्यालयाने एमसीसीच्या प्रणालीत नोंद करून काढलेले प्रवेशपत्र हाती घेतल्याशिवाय परत फिरू नये, कारण प्रणालीबाहेर दिलेला प्रवेश वैध धरला जात नाही.