हजर दिवसांची एलओपी आणि कापलेला पगार परत मिळवण्याची रीत

रजा शिल्लक नसताना किंवा मंजूर झालेली नसताना कर्मचारी कामावर आला नाही, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. कंपन्यांच्या बोलीत याला एलओपी लागणे म्हणतात. जुन्या कचेऱ्यांत त्याला बिनपगारी असा शब्द होता. ही कपात बहुतेक ठिकाणी कोणी माणूस ठरवत नाही. पगाराची प्रणाली हजेरीची नोंद वाचते आणि ज्या दिवसाची नोंद सापडत नाही तो गैरहजेरीचा धरते. कर्मचारी दिवसभर राबला असेल, पण यंत्रावर पंच उमटला नसेल, तर प्रणालीच्या लेखी तो आलेलाच नसतो.

अशी नोंद हुकण्याची कारणे साधी असतात. बायोमेट्रिक यंत्राने बोट ओळखले नाही, निघताना पंच करायचा राहिला, शिफ्ट बदलली पण रोस्टर बदलला नाही, किंवा काम ग्राहकाच्या कारखान्यात होते. चूक दुरुस्त करण्यासाठी हजेरीच्या पोर्टलवर सोय असते. पंच राहिला असेल तर दिवस रेग्युलराइज करायचा, बाहेर काम असेल तर ओडी, म्हणजे ऑन ड्यूटीचा अर्ज टाकायचा आणि मॅनेजरने तो मंजूर करायचा. अडचण मुदतीची असते. महिनाअखेरीस पगार द्यायचा म्हणून अनेक कंपन्या हजेरीचे चक्र आधीच्या महिन्याच्या 21 तारखेपासून चालू महिन्याच्या 20 तारखेपर्यंत धरतात आणि त्यानंतर हजेरी लॉक करतात. लॉक झाल्यावर आलेली मंजुरी पोर्टलवर हिरवी दिसते, पण त्या महिन्याच्या पगारापर्यंत पोहोचत नाही. हजर असूनही एलओपी लागण्याच्या तक्रारींचा मोठा भाग याच फटीतून येतो.

एक नमुन्याचा हिशेब पाहू. पुण्याच्या एका कंपनीतील सर्व्हिस इंजिनिअरचा एकूण मासिक पगार 45,000 रुपये, त्यातील मूळ वेतन 18,000. शुक्रवार, 10 एप्रिल आणि सोमवार, 13 एप्रिल हे दोन्ही दिवस तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्र दुरुस्त करत होता. ओडीचा अर्ज त्याने 14 तारखेला टाकला. मॅनेजर रजेवर असल्याने मंजुरी 22 तारखेला आली. हजेरी 20 तारखेला लॉक झाली होती. पगाराच्या स्लिपवर एलओपी दिसली ती दोन नव्हे, चार दिवसांची. कंपनीत सँडविच नियम होता: सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा दिवस गैरहजेरीचा असेल, तर मधला शनिवार-रविवारही गैरहजेरीत जातो. एप्रिलचे दिवस 30, म्हणून एका दिवसाचा पगार 1,500 रुपये आणि कपात 6,000 रुपये.

आता एचआरकडे करायची मागणी. ती फोनवर किंवा कॅन्टीनमध्ये सांगून भागत नाही. हेल्पडेस्कवर तिकीट टाकावे किंवा ईमेल करावा आणि मॅनेजरला प्रत ठेवावी, कारण पेरोल विभाग लेखी मंजुरीशिवाय आकडा बदलू शकत नाही. मजकूर चार ओळींत मावतो: “एप्रिलच्या पगारात माझी 4 दिवसांची एलओपी लागली आहे. 10 आणि 13 एप्रिलला मी ग्राहकाच्या चाकण येथील कारखान्यात कामावर होतो. 11 आणि 12 या साप्ताहिक सुट्ट्या होत्या. दोन्ही दिवसांची ओडी 22 एप्रिलला मंजूर झाली आहे. चारही दिवसांची एलओपी रिव्हर्स करून 6,000 रुपये मेच्या पगारात एप्रिलच्या दराने द्यावेत.” सोबत स्लिप, मंजूर ओडीचा स्क्रीनशॉट आणि कारखान्याचा गेटपास किंवा ग्राहकाने सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट जोडावा. घरून काम केलेल्या दिवसांसाठी लॉगिनची नोंद आणि त्या दिवशी पाठवलेले ईमेल पुरावा म्हणून चालतात. रागाचे चार शब्द घालण्यापेक्षा तारखा अचूक लिहिणे कामाचे, कारण मेल वाचणाऱ्याला शेवटी प्रणालीत तारखा आणि दिवसांची संख्याच भरायची असते.

मागणीत चारही तारखा आणि रक्कम स्पष्ट हवी, कारण मान्य झालेली परतफेडसुद्धा अपुरी येऊ शकते. मंजुरी दोनच दिवसांची दिसत असल्याने पेरोलचा माणूस दोनच दिवस रिव्हर्स करतो आणि शनिवार-रविवारचे 3,000 रुपये राहून जातात. शुक्रवार आणि सोमवार हजेरीचे ठरल्यावर सँडविच नियमाचा आधारच उरत नाही, म्हणून तेही दिवस परत मिळायला हवेत. दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. परतफेड मेच्या पगारात येते आणि मेचे दिवस 31 असतात. चार दिवस मेच्या दराने मोजले तर 5,806 रुपये येतात, म्हणजे 194 रुपये कमी. ज्या महिन्यात कपात झाली त्याच महिन्याच्या दराने परतफेड व्हायला हवी. मेच्या स्लिपवर ही रक्कम बहुधा एरियर्सच्या रकान्यात येते. तिला 6,000 ने ताडून पाहिले की दोन्ही चुका लगेच उघड होतात.

हातात मात्र पूर्ण 6,000 येत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. या कंपनीत भविष्यनिर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो. एप्रिलमध्ये मूळ वेतन 18,000 वरून 15,600 वर आले, त्यामुळे 12 टक्क्यांप्रमाणे 2,160 ऐवजी 1,872 रुपये कापले गेले. एलओपी रिव्हर्स होताना उरलेले 288 रुपये निधीत जातात आणि मालकालाही आपला तितकाच हिस्सा भरावा लागतो. तो भरला का, हे काही आठवड्यांनी पीएफच्या पासबुकात पाहावे. जिथे पीएफ 15,000 रुपयांच्या मर्यादेवरच कापला जातो, तिथे या उदाहरणात फरक पडणार नाही, कारण कपातीनंतरही मूळ वेतन त्या मर्यादेच्या वरच आहे.

कधीकधी एचआर सोपा तोडगा सुचवते: त्या दिवसांच्या दोन रजा टाका, एलओपी निघून जाईल. पगार येतो, पण काम केलेल्या दिवसांसाठी स्वतःची रजा खर्ची पडते आणि नोंदीत गैरहजेरी कायम राहते. ही परतफेड नव्हे, आणि ती स्वीकारू नये. एलओपीमुळे साठणारी अर्जित रजा कमी झाली असेल, तर तीही पूर्ववत करण्याचा उल्लेख त्याच तिकिटात करावा.

बहुतेक प्रकरणे पुढच्या पगारात मिटतात. मिटली नाहीत, तर कायद्याचा आधार आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याला पगाराची मर्यादा होती. ती शेवटी महिना 24,000 रुपये होती आणि त्यामुळे वरील इंजिनिअर त्या कायद्याबाहेर राहिला असता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेत अशी मर्यादा नाही. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणापेक्षा जास्त असू नये, असे ही संहिता सांगते. बेकायदा कपातीविरुद्ध कर्मचारी स्वतः किंवा त्याची कामगार संघटना नियुक्त प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करू शकते. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. तिथेही मुख्य कागद तेच लागतात: स्लिप, ओडीची मंजुरी, कामाचा पुरावा आणि एचआरला पाठवलेला तारखेचा ईमेल. नोकरी सोडल्यावर कंपनीचे पोर्टल आणि मेल बंद होतात, म्हणून यांच्या प्रती आधीच स्वतःकडे उतरवून ठेवाव्यात.