हा फोटो कुठला, आणि खात्री किती?

पुराचा किंवा अपघाताचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, की बरोबर एका गावाचे नावही येते. ते नाव कशावरून काढले, दुसरे कोणते गाव असू शकले असते, हे त्यात नसते. पुढे पाठवताना तर ‘असावे’ हा शब्दही गळून पडतो. फोटो पडताळणाऱ्याला मात्र आपला अंदाज असा मांडावा लागतो, की दुसऱ्याला तो तपासता येईल आणि गरज पडल्यास खोडता येईल.

एक काल्पनिक फोटो घेऊ. अरुंद डांबरी रस्ता, कडेला जांभ्या दगडाचा गडगा, मागे मंगलोरी कौलांचे घर आणि माड. दुकानाच्या अर्धवट दिसणाऱ्या देवनागरी पाटीवर ‘ळ’ हे अक्षर वाचता येते. वळणावर लाल एसटी आहे, पण तिची पाटी धूसर. रस्त्याकडेच्या स्कूटरचा नंबर एमएच ०७ ने सुरू होतो.

चटकन ओठावर येते ते मालवण. तिथेच थांबून प्रत्येक खुणेला विचारायला हवे: तू दुसऱ्या जागीही दिसली असतीस का? जांभा, कौले आणि माड कोकणातच काय, केरळपर्यंत दिसतात. शिवाय ही तीन स्वतंत्र प्रमाणे नाहीत. मुसळधार पावसाच्या एकाच किनारपट्टीने ती एकत्र आणली आहेत, म्हणून ती एकदाच मोजायची. तीनदा मोजली तर नवे काही न कळताच खात्री फुगते. ‘ळ’मुळे हिंदी पट्टा आणि नेपाळ जवळजवळ बाद होतात, पण गोव्यातली देवनागरी कोकणी बाद होत नाही. एसटी महाराष्ट्राकडे झुकवते, मात्र ती पणजीलाही जाते. सगळ्यात वजनदार खूण नंबरप्लेट, कारण ०७ हा सिंधुदुर्गाचा क्रमांक. तरीही गाडी कुठे नोंदली एवढेच तो सांगतो. फोटो काढला तेव्हा ती कुठे उभी होती, हे नाही.

म्हणून एकच उत्तर न देता देश, पट्टा, जिल्हा, गाव अशा पायऱ्यांनी उतरायचे आणि प्रत्येक पायरीची खात्री वेगळी सांगायची. ती आकड्यात सांगणे बरे. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी, युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे एका अहवालात लिहिले होते. शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारले, की या शब्दांतून तुम्हाला किती शक्यता अभिप्रेत होती? उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांनी मिळून एकच वाक्य मंजूर केले होते, अर्थ मात्र ज्याचा त्याचा होता. आपले ‘बहुधा’ आणि ‘शक्यतो’ असेच सैल असतात.

न दिसणाऱ्या गोष्टींचाही हिशेब हवा, आणि तो जपून. फोटोत समुद्र नाही, म्हणून मालवण नव्हे, असे म्हणता येत नाही; घरामाडांमागे समुद्र झाकला जातोच. एखादी गोष्ट तिथे असती तर या चौकटीत दिसलीच असती, असे असेल तेव्हाच तिच्या गैरहजेरीला वजन. गोव्यात दुकानांच्या पाट्या बऱ्याचदा रोमन लिपीत असतात आणि इथे तशी एकही नाही. पण पाटी मुळात एकच दिसते, म्हणून हा मुद्दा गोव्याविरुद्ध जातो तो थोडासाच. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो मूळ फाइलमधली स्थळाची नोंद गमावून येतो, तेव्हा तोही आधार नाही.

सगळे जमवून टिपण असे होईल: “भारत, जवळजवळ निश्चित. कोकण-गोवा किनारपट्टी, शंभरात ९५. जिल्हा सिंधुदुर्ग, शंभरात ६५. मुख्य आधार नंबरप्लेट. पर्याय: रत्नागिरी २०, उत्तर गोवा १०, इतर कुठेही ५. गाव सांगण्याइतका पुरावा नाही. एसटीची पाटी, दुकानाचे पूर्ण नाव आणि मूळ फाइल मिळालेली नाही. पाटीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन गावांमधला मार्ग वाचता आला, तर पहिला अंदाज मागे पडेल.”

यातले आकडे मोजून काढलेले नाहीत, तोलून ठरवलेले आहेत. ‘इतर’चे ५ मात्र कधीही गाळू नयेत, यादीत न सुचलेली जागा त्यांत असते. गाव तेव्हाच सांगावे, जेव्हा वळण, घराचे छप्पर आणि गडग्याची रेघ उपग्रहचित्रात त्याच क्रमाने जुळतात. नुसते ‘तसेच घर’ सापडणे पुरेसे नाही, कारण तशी घरे शेकड्यांनी आहेत.

आकडे खरे उतरतात का, हे जुन्या टिपणांवरून कळते. ज्या-ज्या अंदाजांना ६५ दिले, त्यांतले साधारण दोन-तृतीयांश बरोबर निघायला हवेत. जवळजवळ सगळेच बरोबर निघत असतील, तर लिहिणारा गरजेपेक्षा जास्त बिचकतो. निम्मेच निघत असतील, तर एखादी ठळक खूण त्याला ओढून नेते, आणि ती बहुतेक वेळा नंबरप्लेटसारखी हलती खूण असते.