आलेखातली नागमोडी रेघ वाचायची कशी? 'उतरती' बघून फसू नका!

उल्हासनगर कॅम्प २ : आमचा पुतण्या बारावीच्या तयारीसाठी इथे क्लासला येतो. परवा सराव पेपरात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख आला होता. "मे ते सप्टेंबर रेघ खाली येते, म्हणजे कार्बन कमी होतोय," असं पठ्ठ्याने लिहिलं आणि मार्क गेले. ही चूक बऱ्याच पोरांची होते, म्हणून सविस्तर सांगतो.

हा आलेख हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावरचा. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये तिथे मोजणी सुरू केली. एकक पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती रेणू कार्बन डायऑक्साइडचे.

या एका रेघेत दोन गोष्टी आहेत. पहिली, दरवर्षीचा चढउतार. पृथ्वीवरची बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे. तिकडे उन्हाळ्यात जंगलं, पिकं जोमात वाढतात आणि हवेतला कार्बन ओढून घेतात, म्हणून मेनंतर रेघ उतरते. हिवाळ्यात पालापाचोळा कुजतो, झाडं थंड पडतात, की रेघ पुन्हा चढते. हा फरक साधारण 6 पीपीएमचा.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ. ती बघायची तर मेची तुलना मेशीच करायची. मे 2014 मध्ये आकडा सुमारे 402 होता, सप्टेंबरात 395 झाला. पण मे 2015 मध्ये 404! म्हणजे उतरला तेवढा तर परत चढलाच, वर दोनची भर पडली. विहिरीचं पाणीही आपण असंच बघतो. यंदाच्या मेची पातळी गेल्या मेशी ताडायची, भर पावसाळ्यातल्या पातळीशी नाही.

आता वेग काढू. वार्षिक सरासरी 1959 मध्ये 316 होती, 1969 मध्ये साधारण 325. दहा वर्षांत 9, म्हणजे वर्षाला 0.9. पुढे 2014 मध्ये 399 आणि 2024 मध्ये 425 च्या आसपास. दहा वर्षांत 26, म्हणजे वर्षाला 2.6. उत्तरात नुसतं "वाढलं" लिहू नका. "वाढीचा वेगही जवळपास तिप्पट झाला" असं आकड्यांसह लिहा. कारण विचारलं तर कोळसा, पेट्रोल-डिझेल जाळणं आणि जंगलतोड.

उभा अक्षही बघून घ्या. तो बऱ्याचदा शून्याऐवजी 310 पासून सुरू होतो, त्यामुळे वाढ डोळ्यांना अनेक पटींची भासते. खरी वाढ 316 वरून 425, म्हणजे सुमारे 34 टक्के.

आणि शेवटचं. या आलेखात तापमान कुठेच नाही. त्यामुळे "आलेखावरून तापमान वाढल्याचं दिसतं" असं लिहिलं, तर ते वाक्य खरं असूनही उत्तर म्हणून चूक ठरतं. पुतण्याने पेपर पुन्हा सोडवला, तेव्हा हेच वाक्य आधी खोडलं.