जोडी तुटलेले पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर

नाशिकमधल्या एका रो हाउसमध्ये राउटर खालच्या हॉलमध्ये आहे आणि सून काम करते वरच्या खोलीत. मधल्या स्लॅबमधून वायफाय धड पोचत नाही, म्हणून घरच्यांनी पॉवरलाइन अ‍ॅडाप्टरची जोडी घेतली. एक अ‍ॅडाप्टर राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये, दुसरा वर. भिंतीतल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट वर जातं, वेगळी केबल ओढावी लागत नाही. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग घराला रंग दिला, रंगाऱ्यांनी दोन्ही अ‍ॅडाप्टर काढून ठेवले, पुन्हा लावले आणि वर नेट बंद. राउटर ठीक, खाली मोबाइल चालतोय, वर मात्र काही नाही.

आता नुसता प्लग काढल्यानं जोडी तुटत नाही. हे अ‍ॅडाप्टर आपसात बोलतात ते एका सांकेतिक किल्लीच्या आधारे. ही किल्ली दोघांकडे सारखी असली तरच ते एकमेकांना ओळखतात, आणि ती आतल्या मेमरीत राहते, वीज गेली तरी पुसली जात नाही. ती बदलते ती बहुधा पेअर बटणामुळे. एक-दोन सेकंद दाबलं तर ते जोडी जमवतं, पण आठ-दहा सेकंद दाबून धरलं तर बहुतेक अ‍ॅडाप्टर जुनं नेटवर्क सोडतात आणि नवी, स्वतःपुरती किल्ली घेतात. बटण असतं अ‍ॅडाप्टरच्या कडेला, नेमकं जिथं अंगठा टेकतो तिथं. इथं झालं असं की, नेट येईना म्हणून मुलानं वरच्या अ‍ॅडाप्टरचं बटण ‘रीस्टार्ट होईल’ म्हणून दाबून धरलं होतं.

पण तेवढ्यावरून निदान करू नये. खरी परीक्षा सोपी आहे: वरचा अ‍ॅडाप्टर खाली आणा आणि राउटरजवळच्याच दुसऱ्या सॉकेटमध्ये, थेट भिंतीत लावा. त्याच्या इथरनेट पोर्टला लॅपटॉप जोडून तो सुरू ठेवा. हे महत्त्वाचं, कारण केबल नसली किंवा जोडलेलं यंत्र बंद असलं की अनेक अ‍ॅडाप्टर पाचेक मिनिटांत झोपी जातात आणि जोडी तुटल्यासारखे दिसतात. मग पॉवरलाइनचा दिवा पाहा. बऱ्याच मॉडेलवर त्याला घराचं चिन्ह असतं. तो लागला तर जोडी शाबूत आहे आणि दोष वरच्या वायरिंगचा. शेजारी ठेवूनही लागला नाही, तर जोडी गेली. इथं तो लागला नाही.

मग जोडी जमवायचं कामही तिथंच, खालीच उरकावं. राउटरकडच्या अ‍ॅडाप्टरचं पेअर बटण साधारण एक सेकंद दाबून सोडायचं. त्याचा पॉवरचा दिवा लुकलुकू लागतो. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटण तसंच दाबायचं. थोड्या वेळात दोन्हींवर घराचा दिवा स्थिर झाला की काम झालं. वर-खाली पळत हे करायला गेलं की दोन मिनिटं जिन्यातच सरतात. घरात तिसरा अ‍ॅडाप्टर असेल तर आधी चालू जोडीतल्या एकाचं बटण दाबावं, मग सुटलेल्याचं.

एवढ्यानं जमलं नाही तर दोन्ही मूळ स्थितीत आणावे. काहींना टाचणीनं दाबायचं रीसेटचं बारीक भोक असतं. कारखान्यातली किल्ली सगळ्यांची सारखीच असल्यानं त्यानंतर ते आपोआपही जुळतात, पण तिथं थांबू नये. पेअर बटण पुन्हा दाबून स्वतःची किल्ली करून घ्यावी. सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही आणि तीच किल्ली शेजाऱ्यांच्या अ‍ॅडाप्टरचीही असू शकते.

नाशिकच्या घरात खाली जोडी जमली, पण वर नेल्यावर दिवा लाल झाला. अ‍ॅडाप्टर सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात लावलेला होता. असे बोर्ड विजेतला ‘गोंगाट’ गाळतात, आणि इंटरनेटचा सिग्नल हा त्यांच्या लेखी गोंगाटच. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावताच दिवा हिरवा झाला.

भिंतीत लावूनही दिवा लागत नसेल तर इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी विचाराव्यात: वरचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, आणि घरात थ्री फेज मीटर असेल तर खालचं नि वरचं सॉकेट एकाच फेजवर आहेत का. वेगळ्या फेजवर सिग्नल कधी पोचतो, कधी नाही. अशा वेळी पेअर बटण कितीही दाबलं तरी उपयोग नाही. वरच्या खोलीतलं दुसरं सॉकेट शोधावं किंवा फेज बदलून घ्यावी. आणि एखादा अ‍ॅडाप्टर बिघडून नवा घ्यायची वेळ आली तर खोक्यावर जुन्याचंच मानक आहे ना, हे बघावं. होमप्लग एव्ही आणि जी.एचएन ही दोन मानकं एकमेकांशी बोलत नाहीत.