चित्रावर काय लिहायचे, काय गाळायचे

ऑनलाइन विक्रीच्या पानावर एकाच वस्तूची साधारण सहा-सात चित्रे असतात. पहिले चित्र नुसत्या वस्तूचे असते. ॲमेझॉनवर त्याची पार्श्वभूमी पांढरीशुभ्र लागते, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि तिथे जोडलेला मजकूर चालत नाही. दुसऱ्या चित्रापासून विक्रेत्याला फोटोवर माहिती लिहिता येते. अशा चित्राला या धंद्यात ‘इन्फोग्राफिक’ म्हणतात. ते तयार होते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर आणि पाहिले जाते बहुतेक वेळा मोबाइलवर. त्यामुळे काय लिहायचे हे ठरवण्याआधी लिहायला जागा किती आहे, हे मोजावे लागते.

हा हिशेब सोपा आहे. असे चित्र बहुधा २००० पिक्सेल लांब आणि तेवढेच रुंद बनवतात. नेहमीच्या मोबाइलचा पडदा साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे चित्रातले जवळपास ३१ पिक्सेल पडद्यावरच्या एका मिलिमीटरमध्ये मावतात. संगणकावर ४० पिक्सेलचा मजकूर आरामात वाचता येतो, पण फोनवर त्याची उंची जेमतेम सव्वा मिलिमीटर उरते. वर्तमानपत्रातल्या बारीक मजकुराचे माप तीन मिलिमीटरच्या थोडे वर असते. तेवढे मोठे अक्षर फोनवर दिसायला हवे असेल, तर चित्रात ते किमान १०० पिक्सेलचे लागते. देवनागरीसाठी १२० धरलेले बरे, कारण वेलांटी, रफार आणि उकार यांना शिरोरेखेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा लागते. शिवाय लहान आकारात जोडाक्षरांच्या गाठी बुजतात. अर्धी चौकट वस्तूने घेतली, तर उरलेल्या पट्ट्यात या मापाची दहा-बारा अक्षरे एका ओळीत बसतात. अशा मोजक्याच ओळी लिहिल्या की जागा संपते. एका चित्रावर तीन गोष्टी सांगता येतात, चौथी घुसवली की चारही वाचेनाशा होतात.

आता बिडाचा तवा विकायचा आहे असे समजू. विक्रेत्याकडची यादी लांबलचक असते: व्यास २६ सेंटिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, वजन १.८ किलो, सपाट बूड, गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतो, तेलाचा थर आधीच बसवलेला, रासायनिक लेप नाही, लांब मूठ, काळा रंग, टिकाऊ, प्रीमियम दर्जा, पारंपरिक चव, भारतात बनलेला, धुऊन लगेच पुसावा. चित्र बनवणाऱ्याच्या हाती ही यादी जशीच्या तशी पडते आणि तो इमानेइतबारे सगळी चित्रावर उतरवतो.

यातले डोळ्यांना दिसणारे आधी वगळावे. तवा काळा आहे आणि मूठ लांब आहे, हे फोटोच सांगतो. ‘टिकाऊ’, ‘प्रीमियम’, ‘पारंपरिक चव’ ही विशेषणे शेजारच्या प्रत्येक तव्यावर असतात, म्हणून त्यांवरून निवड करता येत नाही. उत्पादकाचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश अशा गोष्टी वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियम, २०११ नुसार विक्रीच्या पानावर द्याव्याच लागतात. त्या खालच्या मजकुरात असतात आणि त्यांची जागा तीच. सवलत आणि ऑफरही चित्रावर नकोत. त्या बदलत राहतात, चित्र मात्र तेच राहते.

उरलेल्यांतून निवड करण्यासाठी गिऱ्हाइकाचे प्रश्न कामी येतात. त्याच पानावरची विचारणा, एक-दोन तारे देणारे अभिप्राय आणि माल परत पाठवताना दिलेले कारण, या तीन ठिकाणी ते आयते सापडतात. तव्याबाबत बहुतेक शंका ‘माझ्या शेगडीवर चालेल का’, ‘केवढा आहे’ आणि ‘आणल्या आणल्या वापरता येईल का’ याच असतात. बीड लोहचुंबकाला चिकटते, म्हणून ते इंडक्शनवर तापते. पण बूड खोलगट असेल तर शेगडीशी नीट संपर्क होत नाही आणि तवा मधेच थंड राहतो. म्हणून ‘सपाट बूड’ आणि ‘गॅस, इंडक्शन’ या वेगळ्या ओळी नाहीत, पहिली दुसरीचे कारण आहे. दोन्ही मिळून ‘सपाट बूड: गॅस, इंडक्शन’ एवढे पुरते.

व्यास शब्दांत सांगण्याऐवजी तव्याच्या काठापासून काठापर्यंत बाणांची रेघ ओढून तिच्यावर ‘२६ सेंमी’ लिहावे. बाण नसेल तर हे माप मुठीसकट की मुठीशिवाय, असा प्रश्न पडतो आणि तवा अपेक्षेपेक्षा लहान निघाला म्हणून परत येतो. तव्यावर पोळी ठेवून फोटो काढला, तर आकाराची कल्पना आकड्याशिवायही येते. फोटोतून कळते ते लिहून पुन्हा जागा खर्च करू नये.

वजनाचा आकडा विक्रेत्यांना लपवावासा वाटतो. पावणेदोन किलोच्या वर वजनाचा तवा एका हाताने उचलताना मनगटावर ताण येतो, आणि हे वाचून काही गिऱ्हाइके पुढे जातील ही भीती खरीच आहे. तरीही तो आकडा चित्रावर असावा. तवा जड लागला म्हणून परत आला, तर येण्याजाण्याचा खर्च विक्रेत्याच्याच माथी पडतो आणि शिवाय एक वाईट अभिप्राय कायमचा चिकटतो. जाडी मात्र सोडून द्यावी. चार मिलिमीटर म्हणजे बरे की वाईट, हे घरच्या स्वयंपाक्याला सहसा ठरवता येत नाही.

अशा रीतीने दुसऱ्या चित्रावर शेगडी, व्यास आणि वजन येतात. तेलाचा थर आधीच बसवला आहे, त्यामुळे तवा थेट वापरता येतो, हे तिसऱ्यावर. धुऊन लगेच पुसण्याची सूचना शेवटच्या चित्रावर जाते, कारण ओला राहिलेला बिडाचा तवा गंजतो आणि ही तक्रार खरेदीनंतर उद्भवते.

अक्षरांचा रंगही निवडीइतकाच महत्त्वाचा. स्वयंपाकघराच्या फोटोवर पांढरी अक्षरे टाकली की ती फरशीच्या उजेडात विरतात. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लहान मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ मागितले आहे. गडद पट्टीवर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे अक्षर हे सहज गाठते. काळ्या तव्यावर लाल अक्षरे मुळीच नकोत. ती आधीच फिकी दिसतात, त्यात विक्रीचे संकेतस्थळ चित्र दाबून लहान करते तेव्हा रंगाचा तपशील आधी जातो आणि कडा फुटतात.

परीक्षा फोनवरच घ्यावी. चित्र फोनवर पाठवून, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून, न वाढवता, चष्मा लागण्याच्या वयातल्या कुणाला दोन-तीन सेकंद दाखवावे आणि मग विचारावे: हा इंडक्शनवर चालतो का? ‘वाचता आले का’ असे विचारल्यास भिडेखातर होकार मिळतो. उत्तर चुकले तर अक्षर मोठे करण्याआधी एखादी ओळ काढावी.

हाच तवा २४, २६ आणि २८ सेंटिमीटरमध्ये मिळत असेल, तर व्यास आणि वजन असलेले चित्र प्रत्येक मापासाठी वेगळे लागते. तिन्हींना एकच चित्र जोडले जाणे ही नेहमीची चूक आहे. २८ चा तवा निवडणाऱ्याला २६ चा आकडा दिसतो आणि खालचा मजकूर बरोबर असूनही तो चित्रावर विश्वास ठेवतो. चित्रातला मजकूर विक्रीच्या पानावरच्या शोधाला सहसा सापडत नाही आणि अंधांसाठीच्या वाचक-यंत्रणेलाही तो भरवशाने वाचता येत नाही. त्यामुळे चित्रावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट खालच्या मजकुरातही, त्याच आकड्यांत, द्यावी लागते.